हिमोग्लोबिन १२.४, तरी पायाला मुंग्या कसल्या?

"ताई, मी सांगलीची, वय ४६. माहेर-सासर दोन्हीकडे शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. सहा-सात महिने झाले, रात्री तळपायाला मुंग्या येतात, चालताना कापसावर पाय टाकल्यासारखं वाटतं. हिमोग्लोबिन १२.४ आलं म्हणून घरच्यांनी सोडून दिलं. आता डॉक्टरांनी बी१२ करायला लावलं तर १३८ आलंय. दूध-दही घरात रोज असतं, मोड आलेली कडधान्यं असतात, माझी आजी याच जेवणावर नव्वदीपर्यंत जगली, मग मलाच का? शेजारीण म्हणते स्पिरुलिना घे. डॉक्टर म्हणतात इंजेक्शन. पण इंजेक्शनची सवय लागली की सुटत नाही म्हणतात ना? ॲसिडिटीची गोळी दोन वर्षं रोज चालू आहे, बाकी काही औषध नाही."

पहिलं म्हणजे इंजेक्शनं घ्या, याच आठवड्यात सुरू करा, शेजारणीला नंतर समजावू. तुमचा आकडा नुसता कमी असता तर मी म्हटलं असतं गोळीवर भागेल, पण मुंग्या आणि तो कापसावर चालल्याचा भास म्हणजे नसांपर्यंत गोष्ट गेलीय, आणि नसांच्या बाबतीत उशीर झाला की झालेलं नुकसान पूर्ण भरून येईलच असं नाही. सवयीचं म्हणाल तर ही काही झोपेची गोळी नव्हे. लोकांना सवय वाटते कारण पाच-सहा इंजेक्शनं घेतात, लेव्हल आठशे-हजार येते, खूश होऊन सगळं बंद करतात, जेवण तेच राहतं आणि दीड-दोन वर्षांनी परत मुंग्या. टाकी भरली आणि नळ बंदच ठेवला तर टाकी परत रिकामी होणारच की, त्यात टाकीचा काय दोष!

आता तुमचा खरा प्रश्न, मलाच का, आणि आत्ताच का.

बी१२ कुठलंही झाड बनवत नाही, कुठला प्राणीही बनवत नाही. ते बनवतात फक्त बॅक्टेरिया आणि त्यांच्यासारखेच काही सूक्ष्मजीव. गाई-म्हशीच्या पोटात ते बॅक्टेरिया असतात, तिथून थोडं दुधात उतरतं, आणि आपल्या शाकाहारी घरात येणारं बी१२ जवळपास सगळं या एकाच वाटेने येतं. आपल्या मोठ्या आतड्यातले बॅक्टेरियाही बी१२ बनवतात बरं का, पण ते शोषून घेणारी जागा लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे त्याच्या आधीच येते, त्यामुळे आपल्याच पोटात तयार झालेला माल आपल्याला न मिळता बाहेर जातो. मला शिकत असताना हे वाचून फार हसू आलं होतं.

तुम्ही लिहिलंय दूध-दही घरात रोज असतं. घरात असतं, पण तुमच्या पोटात किती जातं? मी हे माझ्याच घरी मोजलंय, खोकल्याच्या औषधाबरोबर मापाचा कप येतो ना त्याने. चहाच्या एका कपात साधारण ४० मिली दूध पडतं. तीन चहा म्हणजे १२० मिली. वर रात्री एक वाटी दही, तेही निम्म्या वेळा मुलांना वाढून उरलं तर. १०० मिली दुधात बी१२ असतं ०.४ मायक्रोग्रॅमच्या आसपास, आणि आपण ते साय धरायला दोन-तीनदा खळखळ उकळतो त्यात जवळजवळ तिसरा हिस्सा जातो. दही लावताना विरजणातले बॅक्टेरिया बी१२ वाढवत नाहीत, उलट थोडं खातातच. सगळं धरून तुमच्या दिवसाला पाऊण मायक्रोग्रॅमच्या आत काहीतरी येतं, आणि त्यातलं आतड्यात शोषलं जातं साधारण निम्मं, म्हणजे ०.४ धरू. आपल्याकडच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाने रोज २.२ मायक्रोग्रॅम खायला हवं. अर्धा लिटर दूध प्यायलात तरी उकळून ते दीडच्याही आतच भरतं, हे नुसतं माहीत असू द्या.

मग इतकी वर्षं काहीच कसं झालं नाही? इथे जरा सावकाश वाचा, सगळी मेख इथेच आहे.

शरीर बी१२ लिव्हरमध्ये साठवून ठेवतं आणि ते भयंकर चिकटपणे वापरतं. लिव्हर रोज थोडं बी१२ पित्तातून आतड्यात सोडतं आणि आतड्याचं ते शेवटचं टोक त्यातलं बहुतेक परत उचलून आत घेतं. म्हणून एकूण साठ्यातला दिवसाला हजारातला एक भाग वगैरेच खर्ची पडतो. मांसाहारी माणसाचा साठा २-३ हजार मायक्रोग्रॅम असतो, जन्मापासून शाकाहारी बाईचा त्याहून बराच कमी. तुमचा लग्नाच्या वेळी, म्हणजे माहेरी ग्लासभर दूध नेमाने मिळत होतं असं गृहीत धरून, १२०० होता असं समजू. हजारात एक म्हणजे रोज जातात १.२ आणि येतात ०.४. साठा उतरायला लागला. पण गंमत अशी की साठा जितका कमी तितकं रोजचं जाणंही कमी, ८०० उरले की ०.८ जातात, ५०० उरले की ०.५. म्हणजे पहिल्या पाच वर्षांतच १२०० चे सव्वापाचशे होतात आणि पुढची पंधरा-अठरा वर्षं ते ४०० च्या आसपास रेंगाळत बसतात, कारण तिथे आलेलं आणि गेलेलं सारखं होतं. आणि शरीराला बिनबोभाट चालायला साधारण ३०० तरी साठा लागतो असा अंदाज आहे. म्हणजे गेली कित्येक वर्षं तुम्ही काठावर उभ्या होतात, पाणी पायाशी आलेलं, पाय भिजत नव्हते इतकंच.

मग दोन वर्षांपूर्वी ॲसिडिटीची गोळी आली. अन्नातलं बी१२ प्रोटीनला चिकटलेलं असतं, पोटातलं ॲसिड ते सोडवतं. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल असली गोळी ॲसिडच कमी करते. समजा त्यामुळे तुमचं ०.४ चं ०.२ झालं, तर आता साठा ४०० वर टिकत नाही, २०० कडे घसरायला लागतो, आणि दोन वर्षांत ३०० च्या खाली येतो. बघा, तुमच्या मुंग्या कधी सुरू झाल्या म्हणालात? हे आकडे बोटावर मोजलेले आहेत, प्रत्येकाचं शोषण वेगळं, साठा वेगळा, पण आकार हाच असतो, वर्षानुवर्षं काहीच नाही आणि मग एखादं छोटं निमित्त. तुमचं निमित्त ॲसिडिटीची गोळी, कुणाचं मधुमेहाची मेटफॉर्मिन (घरात कोणी घेत असेल तर त्यांचंही बी१२ बघा), कुणाचं वय, कारण साठीनंतर बऱ्याच जणांचं ॲसिड आपोआपच कमी होतं, कुणाचं एखादं बाळंतपण. गोळी मात्र माझं वाचून तडकाफडकी बंद करू नका, ॲसिडिटी दुप्पट उसळते, तुमच्या डॉक्टरांना विचारा की ती अजून लागते का, कमी करत आणता येईल का.

आजीचं म्हणाल तर आजीचं बी१२ कोणी तपासलंच नव्हतं. "आता वय झालं" म्हणून तिचं विसरणं, भिंत धरून चालणं आपण सोडून दिलं असेल, मला काय माहीत. किंवा दारात म्हैस होती आणि दूध चहात नाही, पेल्यात जात होतं. आणि तुम्ही एकट्या नाही आहात हो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या टीमने मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासून २००६ साली छापलं होतं, त्यात साधारण तीनातल्या दोघांचं बी१२ कमी निघालं, शहरातल्या मध्यमवर्गात तर त्याहूनही जास्त. ही सगळी चालती-बोलती, ऑफिसला जाणारी माणसं.

आता हिमोग्लोबिन. १२.४ बघून घरचे म्हणाले सगळं ठीक, आणि हीच चूक सगळीकडे होते. बी१२ शरीरात मुख्य दोन कामं करतं. एक, नवीन पेशी बनवायला मदत, म्हणजे रक्त. दुसरं काम नसांभोवतीचं वेष्टण नीट ठेवण्याशी जोडलेलं, वायरीवर प्लास्टिक असतं ना तसं. पहिल्या कामात फॉलिक ॲसिड भरपूर असेल तर बरंच सांभाळून घेतलं जातं, आणि आपल्या जेवणात डाळ, पालेभाजी, कडधान्यं यातून ते फोलेट या रूपात भरपूर येतं. म्हणजे तुमच्या मोडाच्या मटकीने तुमचं रक्त चांगलं दिसत ठेवलं आणि नसांचं मात्र ती काही करू शकत नाही. म्हणून रक्त ठीक आणि नसा बिघडत चाललेल्या असं होऊ शकतं. आणि म्हणूनच नुसतं लोह आणि फॉलिक ॲसिडचं टॉनिक घेऊन बरं वाटलं म्हणून थांबायचं नाही.

अजून एक फसवणूक आहे. रिपोर्टमध्ये एमसीव्ही असा एक आकडा असतो, लाल पेशींचा सरासरी आकार. बी१२ कमी झालं की पेशी मोठ्या होतात, लोह कमी असलं की लहान. आपल्या बायकांमध्ये दोन्ही एकदम कमी असणं अगदी कॉमन, मग सरासरी मस्त मधोमध, ८५-८८, आणि रिपोर्टवर कुठेच लाल खूण नाही. अशा वेळी आरडीडब्ल्यू नावाचा आकडा वाढलेला असू शकतो, म्हणजे पेशी लहान-मोठ्या मिसळलेल्या आहेत. तुमचा जुना सीबीसी काढा आणि बघा. नसला वाढलेला तरी १३८ आणि मुंग्या एवढं पुरेसं आहे, साधारण २०० च्या खाली गेलं की कमीच धरतात. २०० ते ३००-३५० मध्ये असलं तर मात्र एकट्या या आकड्यावर जाऊ नये, तिथे होमोसिस्टीन किंवा मिथाइलमलोनिक ॲसिड तपासून कळतं की पेशींना खरंच कमी पडतंय का.

एक छोटी गोष्ट सांगते. माझ्या सासूबाई बेसिनपाशी तोंड धुताना दोनदा तोल जाऊन पडता पडता वाचल्या. डोळ्यांवर साबण, डोळे मिटलेले, हात चेहऱ्यावर, आणि अंग एका बाजूला कलायचं. आम्हाला वाटलं बीपी, मानेचा त्रास, मग एका डॉक्टरांनी मानेचा पट्टा दिला, तो महिनाभर गळ्यात. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी त्यांना पाय जुळवून उभं केलं आणि डोळे मिटायला लावले, झाल्या हलायला. मग घोट्यावर ट्यूनिंग फोर्क ठेवला, तो थरथरतोय हे त्यांना कळेचना, हाताच्या मनगटावर ठेवल्यावर मात्र कळलं. पाय कुठे आहेत याची बातमी नसा मेंदूला देत नव्हत्या, डोळे उघडे असताना डोळे ती कमी भरून काढत होते इतकंच. बी१२ केलं तर ९६. तुम्हीही घरी बघा, कोणीतरी शेजारी हात पुढे करून उभं असू दे, पाय जुळवून उभ्या राहा, डोळे मिटा, अर्धा मिनिट. खूप डुललात तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्यावर इंजेक्शनं किती आणि कशी हे ठरू शकतं.

इंजेक्शनं सहसा १००० मायक्रोग्रॅमची, सुरुवातीला रोज किंवा एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला अशी जातात, नक्की वेळापत्रक तुमचे डॉक्टर ठरवतील. त्याआधी एक काम करा, ॲनिमिया किंवा पचनाचं दुसरं काही कारण बघायचं असेल तर रक्त आधी द्या, कारण एक इंजेक्शन घेतलं की बी१२ चा आकडा उडी मारतो आणि पुढचे बरेच दिवस त्याला अर्थच राहत नाही. लेव्हल आठशे झाली म्हणजे नस बरी झाली असं नव्हे. रक्त दोन महिन्यांत सुधारतं, नसांना सहा आठवड्यांपासून सहा महिने-वर्ष लागू शकतं. सुरुवातीला काही जणांच्या मुंग्या थोड्या वाढतात सुद्धा, घाबरून थांबू नका, डॉक्टरांना फोन करा.

आणि चिठ्ठीवर नीट बघा. मेडिकलमध्ये "मिथाइलकोबालामिन", म्हणजे बी१२ चंच एक रूप, मागितलं की बऱ्याचदा त्यात प्रीगाबालिन मिसळलेली गोळी हातात येते. ती नसांच्या वेदनेची आहे, झोप येते, चक्कर येते, ती डॉक्टरांनी लिहिली असेल तरच. नुसतं बी१२ हवं तर स्ट्रिपच्या मागे एकच नाव असायला हवं.

इंजेक्शनचा कोर्स झाल्यावर गोळी, आणि ही थांबवायची नाही, कारण हे जेवण आणि ॲसिडिटीची गोळी जोवर आहे तोवर कारण आहेच. इथे एक चांगली बातमी, गोळीतलं बी१२ प्रोटीनला चिकटलेलं नसतं, त्याला सोडवायला ॲसिड लागत नाही, म्हणून तुमच्या ॲसिडिटीच्या गोळीबरोबरही ती चालते. पण गोळीचा हिशोब जेवणासारखा सरळ नाही. पोटात तयार होणारं एक प्रोटीन बी१२ ला आत घेऊन जातं, त्याची कुवत एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमची. त्यापुढचं जे नुसतं झिरपून आत जातं ते फक्त शंभरात एक. म्हणून ५०० ची गोळी घेतली तर आत जातात साडेसहाच्या आसपास, १००० ची घेतली तर अकरा-बारा. आकडा बघून "बापरे हजार" म्हणायचं कारण नाही, जास्तीचं बाहेर जातं. गोळी रोज घ्यायची की आठवड्याला हे तुमच्यासाठी डॉक्टर सांगतील. ज्यांना काहीच लक्षणं नाहीत आणि दूधही घेत नाहीत त्यांच्यासाठी साधा अंदाज रोज किमान १० मायक्रोग्रॅम, नाहीतर आठवड्यातून एकदा २००० असा आहे. सायनोकोबालामिन असो की मिथाइल, जेवणातून कमी पडणाऱ्याला दोन्ही चालतात, सायनो स्वस्त आणि टिकाऊ. आणि हो, गोळीतलं बी१२ फॅक्टरीत बॅक्टेरियांकडूनच बनवतात, मांसातून काढत नाहीत, पण कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असू शकतं, तेवढं विचारून साधी गोळी घ्या.

स्पिरुलिना नको. त्यात जे असतं ते बी१२ सारखं दिसतं, काही तपासण्यांत आकडाही देतं, पण बहुतेक ते नकली रूप असतं, आपल्या शरीराला उपयोगी नाही. इडली-ढोकळ्याच्या आंबवण्यावर, मोडावर, मशरूमवरही भरवसा ठेवू नका. मोड खा, चवीला छान, प्रोटीनला छान, पण बी१२ साठी नाही. फोर्टिफाइड तांदळात घातलेलं असतं, पण एका किलोला साधारण एक मायक्रोग्रॅम, तुम्ही दिवसाला पाव किलो खाल्लात तरी ०.२५, हातभार आहे, इलाज नाही. दुधाचं म्हणाल तर वाढवा, चहाच्या बाहेर एक पेला दूध सरळ प्या, आणि एकदाच उकळा, तापवून तापवून आटवू नका.

एवढं सगळं करूनही तीन महिन्यांनी, गोळीवर असताना, आकडा परत घसरायला लागला तर मग प्रश्न जेवणाचा नाही, पोटातलं ते घेऊन जाणारं प्रोटीनच तयार होत नसेल किंवा आतड्याचा काही त्रास असेल, तेव्हा पोटाच्या डॉक्टरांकडे जा. घरात मुलगी किंवा सून गरोदर असेल, बाळाला पाजत असेल तर तिचं बी१२ आजच बघा. आईचा साठाच कमी असला तर बाळालाही कमीच मिळतं आणि बाळ काही पायाला मुंग्या येतात म्हणून सांगणार नाही.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा सीबीसीचा तो एमसीव्ही आणि आरडीडब्ल्यू दोन्ही लिहून पाठवा. आणि तोवर तोंड धुताना एक हात बेसिनवर असू द्या.